सभागृह ऐन वेळी हातचं गेलं: पैसे परत, नवी तारीख की क्रेडिट?

कार्यक्रम चार दिवसांवर आणि सभागृहातून फोन येतो, छत गळतंय, हॉल मिळणार नाही. सगळ्यात आधी तिकीटविक्री थांबवा. मग प्रेक्षकांना एवढंच कळवा की त्या दिवशी कार्यक्रम होणार नाही आणि पुढचं अमुक तारखेपर्यंत सांगू. नवी तारीख मात्र घाईनं जाहीर करू नका. ती दुसऱ्यांदा बदलली की लोकांचा विश्वास उडतो.

आता पैसे मोजा, तेही तिकिटांच्या हिशोबात. समजा 400 तिकिटं विकली गेली आणि 150 तिकिटांइतकी रक्कम कलाकार, ध्वनिव्यवस्था आणि छपाईवर खर्च झाली. हातात उरले 250 तिकिटांचे पैसे. सगळ्यांनी परतावा मागितला तर 150 जणांचे खिशातून द्यावे लागतील. तेव्हा कलाकारांना दिलेली आगाऊ रक्कम नव्या तारखेला वळती होईल का आणि सभागृहाकडून भाडं कधी परत मिळेल, हे लेखी घ्या. बुकिंग साइटलाही विचारा: तिकिटांचे पैसे तुमच्या खात्यात आले आहेत की अजून त्यांच्याकडेच आहेत, आणि परताव्यात त्यांचं शुल्क कोण सोसणार?

स्वतःला तीन दिवसांची मुदत द्या. तेवढ्यात सभागृह आणि कलाकार, दोघांचा लेखी होकार आला तर नवी तारीख द्या. नाही आला तर सरळ पैसे परत करा. ‘तारीख लवकरच कळवू’ म्हणत लोकांचे पैसे अडकवून ठेवणं मला अजिबात पटत नाही.

नवी तारीख दिली तरी परताव्याचा पर्याय हवाच. निरोप असा असू द्या: ‘तुमचं तिकीट नव्या तारखेला चालेल, काही करावं लागणार नाही. येणं जमणार नसेल तर दहा दिवसांत कळवा, पूर्ण रक्कम परत मिळेल.’ म्हणजे जो गप्प राहिला त्याचं तिकीट कायम. पण नवं सभागृह 360 खुर्च्यांचं असेल तर हा नियम मोडतो. फक्त 25 जणांनी पैसे मागितले तर 15 जण दारात उभे राहतील. अशा वेळी प्रत्येकाकडून ‘येणार’ असा होकार मागवा, पहिल्या 360 जणांना जागा द्या आणि बाकीच्यांचे पैसे आपणहून परत करा. खुर्च्यांचे क्रमांकही जुळणार नाहीत, म्हणून पुढच्या रांगेचे जास्त पैसे भरलेल्यांना आधी बसवा.

क्रेडिट, म्हणजे पैशांऐवजी पुढच्या कार्यक्रमाच्या तिकिटासाठी वापरता येणारी जमा रक्कम, फक्त तेव्हाच द्या, जेव्हा तुमचे कार्यक्रम नियमित होतात आणि पुढचे दोन-तीन ठरलेले आहेत. ते पूर्ण रकमेचं, दुसऱ्याला देता येण्याजोगं आणि किमान वर्षभर चालणारं असावं. परताव्याऐवजी ते गळ्यात मारलं, तर कार्डानं पैसे भरलेले लोक बँकेकडे तक्रार करतात. मग रक्कम जाते ती जातेच, वर बँकेचा दंडही बसू शकतो.

रोखीनं घेतलेल्या तिकिटांची वेगळी यादी करा. त्या लोकांना आपोआप पैसे मिळत नाहीत, म्हणून त्यांना फोनच करा. दहा दिवस संपेपर्यंत सुटलेली एकही खुर्ची पुन्हा विकू नका.