देणगी पावत्या आणि बँक खाते यांचा मेळ

न्यासाच्या खात्यात ५०१ रुपयांची जमा एकाच दिवशी चार वेळा दिसू शकते, म्हणून यूपीआयच्या देणग्या रकमेवरून न जुळवता उताऱ्यातील व्यवहार क्रमांकावरून जुळवाव्यात आणि तो क्रमांक पावतीच्या स्थळप्रतीवर लिहून ठेवावा. ज्या जमेला पावती सापडत नाही, ती दात्याचा शोध लागेपर्यंत ‘अनोळखी जमा’ या वेगळ्या खात्यात दाखवावी. अंदाजाने कोणाच्या नावे पावती फाडणे सर्वथा चुकीचे आहे.

रोख भरणा एकरकमी दिसतो, त्यामुळे भरणा-चिठ्ठीच्या मागे पावती क्रमांक लिहिण्याची सवय फार उपयोगी पडते. समजा, पावती क्र. १४१ ते १४७ ची रोख बेरीज १८,५०० रुपये आहे, पण उताऱ्यात १७,३०० रुपयेच जमा आहेत. उरलेले १,२०० रुपये बहुधा भरण्याआधीच फुलांसाठी किंवा मजुरीसाठी खर्च झालेले असतात. तसे असल्यास रोकडवहीत पूर्ण देणगी जमा आणि खर्च व्हाउचरसह वेगळा नोंदवावा, आणि पुढे रोकड खर्चाला न वापरता पूर्ण भरावी.

शेवटी पावतीपुस्तकातील क्रमांक सलग तपासावेत, कारण गहाळ पावती बँकेच्या उताऱ्यात कधीच दिसत नाही. रद्द पावतीच्याही दोन्ही प्रती पुस्तकातच असायला हव्यात.