गणेशोत्सवातल्या गायनाचा व्हिडिओ सर्वांच्या फोनवर चालावा म्हणून करावयाची तयारी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी मंडळांत गणेशोत्सवात गाणे झाले की त्याची ध्वनिचित्रफीत दुसऱ्या दिवशी पुणे, इंदूर आणि परदेशातील नातेवाइकांपर्यंत पोहोचावी, अशी सर्वांची अपेक्षा असते. पाठवणाऱ्याच्या फोनवर ती उत्तम चालते. मात्र कोणाकडे नुसता आवाज ऐकू येतो आणि चित्र काळे दिसते, कोणाकडे फाइल उघडतच नाही, तर कोणाकडे चित्र इतके पुसट येते की गायिकेचा चेहरा ओळखता येत नाही. या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांपैकी बरीचशी ध्वनिमुद्रणाआधीच दूर करता येतात. पुढील तयारी डोळ्यांसमोर एक ठरावीक उदाहरण ठेवून लिहिली आहे: मंडळातील एका मावशींचे सहा मिनिटे वीस सेकंदांचे गायन, आयफोनवर मुद्रित केलेले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे.

सर्वप्रथम फाइल कोणत्या मार्गाने पाठवायची हे ठरवावे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून असतात. गॅलरीतून व्हिडिओ म्हणून पाठवल्यास व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच तो पुन्हा दाबून लहान करते. त्यामुळे तो जवळजवळ सर्वांकडे चालतो, पण चित्राचा आणि आवाजाचा दर्जा आपल्या हातात राहत नाही, आणि एचडी पर्याय निवडला तरी ही प्रक्रिया टळत नाही. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली, तर ती २ जीबीच्या मर्यादेत असेपर्यंत जशीच्या तशी पोहोचते. गाण्यासाठी हाच मार्ग योग्य आहे. मात्र या मार्गाने गेलेली फाइल पाहणाऱ्याच्या फोनमधील प्लेअर उघडतो, म्हणून ती त्याला उघडता येईल अशी बनवण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याकडे येते. स्वरूप आणि कोडेक, म्हणजे चित्र किंवा आवाज दाबून साठवण्याची पद्धत, यांचा विचार करावा लागतो तो नेमका येथे.

फाइलच्या नावाच्या शेवटी दिसणारे .mp4, .mov किंवा .mkv हे केवळ वेष्टण असते. आत चित्र एका कोडेकने आणि आवाज दुसऱ्या कोडेकने साठवलेला असतो. वेष्टणाचे नाव बदलल्याने आतला कोडेक बदलत नाही, त्यामुळे .mov पुसून .mp4 लिहिणे निरुपयोगी आहे. २००३ साली प्रमाणित झालेला एच.२६४ हा चित्राचा कोडेक, आवाजासाठी एएसी आणि वेष्टण एमपी४ ही जोडणी स्वस्त अँड्रॉइड फोन, विंडोजचा संगणक, आयफोन आणि पेनड्राइव्ह लावता येणारा जुना टीव्ही या सर्वांवर चालते. २०१३ साली आलेला एचइव्हीसी तेवढ्याच दर्जासाठी बरीच कमी जागा घेतो, म्हणून त्याचा मोह होतो. पण अनेक विंडोज संगणकांवर त्यासाठी वेगळे पूरक सॉफ्टवेअर बसवावे लागते आणि जुने टीव्ही तो ओळखतच नाहीत. आवाज येतो आणि चित्र काळे राहते, तेव्हा बहुतेक वेळा आत एचइव्हीसी असतो. व्हीपी९ आणि एव्ही१ हे कोडेक इंटरनेटवरील व्हिडिओसाठी चांगले आहेत, परंतु नातेवाइकांना पाठवण्याच्या फाइलसाठी ते निवडू नयेत.

ध्वनिमुद्रणापूर्वी आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा उघडून Formats पाहावे. तेथे High Efficiency निवडलेले असल्यास फोन एचइव्हीसीमध्ये मुद्रित करतो आणि Most Compatible निवडल्यास एच.२६४ वापरतो. फाइल नंतर संगणकावर बदलायचीच असेल, तर High Efficiency तसेच ठेवण्यास हरकत नाही. संगणक हाताशी नसेल आणि थेट फोनवरून पाठवायचे असेल, तरच दुसरा पर्याय घ्यावा. Record Video या पानावर HDR Video मात्र बंद करावे. एचडीआरमध्ये टिपलेले चित्र दहा बिटांचे असते आणि साध्या पद्धतीने बदलल्यावर ते फिकट, राखाडी दिसते. मावशींच्या लाल शालूचा रंग उतरल्यासारखा दिसू लागला, तर कारण येथे शोधावे. त्याच पानावर Show PAL Formats चालू केल्यास सेकंदाला २५ फ्रेमचा पर्याय मिळतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिव्यांखाली ३० फ्रेमच्या चित्रात कधी कधी पट्टे सरकताना किंवा प्रकाश लपलपताना दिसतो, तो २५ फ्रेममध्ये बराच आटोक्यात राहतो.

सजावटीकडेही याच वेळी लक्ष द्यावे. हा मुद्दा तांत्रिक वाटत नाही, पण फाइलच्या आकारावर त्याचा मोठा परिणाम होतो. एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये जे बदलते तेवढेच मुख्यतः साठवायचे, ही या कोडेकची मूळ रीत आहे. गायिका बैठकीवर स्थिर बसलेली असते, मागचा पडदा हलत नाही, म्हणून गायनाचा व्हिडिओ फार थोड्या माहितीत मावतो. परंतु तिच्या मागे लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ असेल, तर कोडेक आपली सारी शक्ती त्या माळेवर खर्च करतो आणि चेहऱ्यावर चौकोन दिसू लागतात. गाण्यापुरती ती माळ स्थिर ठेवावी किंवा बंद करावी. फोन हातात न धरता तिवईवर आडवा बसवावा, आणि चेहऱ्यावर पुरेसा उजेड असावा, कारण अंधारात चित्रात येणारी रवाळ चुळबुळदेखील प्रत्येक फ्रेममध्ये बदलत असल्यामुळे तितकीच जागा खाते.

आता आकाराचा हिशोब करावा. फोरके, २५ फ्रेम आणि एचइव्हीसी अशा मुद्रणाला मिनिटाला सुमारे १४० एमबी लागतात, म्हणजे आपल्या उदाहरणातील मूळ फाइल ९०० एमबीच्या आसपास होईल. डॉक्युमेंटच्या मर्यादेत ती बसते, पण गावाकडच्या मंद नेटवर्कवर ती कोणी उतरवून घेणार नाही आणि ज्याच्या फोनमध्ये जागा नाही त्याला घेताच येणार नाही. पाठवण्याची फाइल ४५ एमबीच्या आत असावी असे ठरवू. एमबीला ८००० ने गुणून सेकंदांनी भागले की सेकंदाला किती किलोबिट खर्च करता येतील ते कळते: ४५ गुणिले ८००० म्हणजे ३,६०,०००, आणि त्याला ३८० सेकंदांनी भागल्यावर सुमारे ९४७. त्यातून १२८ आवाजासाठी राखून ठेवावेत. उरलेल्या ८१९ पैकी थोडी मोकळीक सोडून चित्राला ८०० द्यावेत. फाइल सुमारे ४४ एमबीची होईल. आवाजात काटकसर करून ६४ किलोबिटांचा एकमार्गी, म्हणजे मोनो आवाज घेण्याचा सल्ला अनेक जण देतात. भाषणाला तो पुरतो; गाण्यात तानपुऱ्याची आस त्याने खरखरीत होते, आणि सहा मिनिटांत वाचतात ते जेमतेम ३ एमबी. माझ्या मते गायनाच्या व्हिडिओत कात्री लावायचीच असेल, तर ती चित्राला लावावी.

संगणकावर हँडब्रेक हे विनामूल्य सॉफ्टवेअर आधीच बसवून ठेवावे. त्यात मूळ फाइल उघडून Fast 720p30 हा तयार संच निवडावा आणि Summary मध्ये MP4 असल्याची खात्री करून Web Optimized वर खूण करावी. या खुणेमुळे फाइलची अनुक्रमणिका शेवटी न राहता सुरुवातीला येते, म्हणून ती ऑनलाइन ठेवल्यास पूर्ण उतरण्याआधीच चालू होऊ शकते. Video मध्ये H.264 (x264) निवडावे; त्याच यादीत 10-bit लिहिलेला पर्यायही असतो, तो चुकूनही घेऊ नये, कारण नाव एच.२६४ असले तरी अनेक फोन आणि टीव्ही ती फाइल चालवत नाहीत. फ्रेमचा दर २५ आणि Constant Framerate ठेवावा. मूळ मुद्रण ३० फ्रेमचे झाले असेल, तर मात्र ३० च राहू द्यावे, नाहीतर हालचाल अडखळत दिसते. Avg Bitrate मध्ये ८०० लिहून एकाहून अधिक फेऱ्यांचा, म्हणजे Multi-Pass चा पर्याय चालू करावा. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर संपूर्ण व्हिडिओ वाचते आणि दुसऱ्या फेरीत ठरलेला आकार सांभाळून कठीण जागी जास्त बिट खर्च करते. Audio मध्ये एएसी, दोन मार्ग आणि १२८ एवढे पुरे.

स्थिर बैठकीच्या गायनाला ७२० ओळींच्या चित्रात ८०० किलोबिट पुरतात. लेझीम किंवा मिरवणुकीच्या व्हिडिओला ते पुरणार नाहीत; तेथे ४८० ओळींवर उतरावे, कारण स्वच्छ लहान चित्र हे चौकोनांनी भरलेल्या मोठ्या चित्रापेक्षा डोळ्यांना बरे वाटते. काही जुन्या व्यवस्थांत १६ एमबीची मर्यादा अजून आढळते. पूर्ण गाणे तेवढ्यात कोंबायचे म्हटल्यास चित्राला दोनशेच्या आसपास किलोबिट उरतात, म्हणून त्यापेक्षा दोन मिनिटांचा उत्तम भाग कापून वेगळा पाठवावा. १५ एमबीचा हिशोब धरला तरी त्याला सेकंदाला पूर्ण १००० किलोबिट मिळतात.

संगणकाच्या पडद्यावरून ओबीएस या सॉफ्टवेअरने मुद्रित केलेली फाइल .mkv असेल आणि तिच्या आत एच.२६४ व एएसीच असेल, तर ती पुन्हा दाबण्याची गरज नसते. एफएफएमपेग हे आज्ञा लिहून चालवायचे सॉफ्टवेअर बसवलेले असल्यास पुढील आज्ञेने केवळ वेष्टण बदलते, दर्जा तसूभरही कमी होत नाही आणि काम काही क्षणांत होते.

```
ffmpeg -i gayan.mkv -c copy -movflags +faststart gayan.mp4
```

तयार झालेली फाइल तपासताना व्हीएलसी या प्लेअरवर चालली म्हणजे झाले, असे समजू नये. व्हीएलसी स्वतःचे कोडेक घेऊन येतो आणि जवळजवळ काहीही चालवतो, त्यामुळे त्याची साक्ष येथे कामाची नाही. त्यात Codec Information उघडून आत काय आहे तेवढे मात्र पाहावे. खरी परीक्षा मंडळातील सर्वांत जुन्या फोनवर, विंडोजच्या मूळ प्लेअरवर आणि एखाद्या काकांच्या घरच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावून घ्यावी. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी ओठांची हालचाल आणि आवाज जुळतात का, हे पाहावे. शेवटी शेवटी आवाज मागे पडत असेल, तर फ्रेमचा दर स्थिर ठेवायचा राहिला असण्याची शक्यता मोठी असते. फाइलचे नाव रोमन लिपीत आणि मोकळ्या जागा न सोडता ठेवावे, कारण काही टीव्ही देवनागरी नाव दाखवत नाहीत.

मूळ ९०० एमबीची फाइल हार्ड डिस्कवर जपून ठेवावी. पुढे कोणी छोटा भाग किंवा मोठ्या पडद्यासाठी प्रत मागितल्यास ती मूळ फाइलवरूनच बनवावी, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेल्या प्रतीवरून नव्हे.