या चुका टाळा: फैजपूर अधिवेशनावरची असाइनमेंट पहिल्याच ओळीला अडते तेव्हा

खानदेशात स्थानिक इतिहासाचा विषय निघाला की फैजपूर अधिवेशन पुढे येतेच. प्रश्न बहुधा असा असतो: "फैजपूर काँग्रेस अधिवेशनाचे ऐतिहासिक महत्त्व स्पष्ट करा. शब्दमर्यादा १५००." विद्यार्थी वही उघडतो, वर मथळा लिहितो, खाली "प्रस्तावना" लिहून रेघ मारतो आणि तिथेच थांबतो. अर्ध्या तासाने पानावर एकच वाक्य असते: "भारतीय स्वातंत्र्यलढ्यात फैजपूर अधिवेशनाला अनन्यसाधारण महत्त्व आहे." पुढे काही सुचत नाही आणि सुचणारही नाही, कारण या वाक्याला पुढे जायला वाटच नाही. फैजपूरच्या जागी लाहोर घाला, हरिपुरा घाला, वाक्य तसेच उभे राहते.

पहिली चूक: प्रस्तावनेपासून सुरुवात

प्रस्तावनेत पुढे काय मांडणार ते सांगायचे असते. पुढचे अजून ठरलेलेच नसेल तर सांगणार काय? मग १८८५ पासूनचा काँग्रेसचा इतिहास सुरू होतो. मवाळ, जहाल, असहकार, मिठाचा सत्याग्रह करत १९३६ येईपर्यंत सातशे शब्द संपलेले असतात. प्रस्तावनेसाठी एक कोरे पान सोडा आणि ते शेवटी भरा.

आधी प्रश्न लहान करा. "महत्त्व" हा शब्द फार मोठा आहे. एका कागदावर त्याचे तीन-चार तुकडे पाडा. अधिवेशन शहर सोडून खेड्यात का आले? तिथे कोणता कार्यक्रम ठरला? तो ठरायला १९३६ हेच साल का? आणि त्या कार्यक्रमाचा पूर्व खानदेशातल्या शेतकऱ्याशी किती संबंध होता? चारही प्रश्नांची उत्तरे असाइनमेंटमध्ये येतील, पण सुरुवात एकानेच करायची. ज्यावर हाताशी निदान तीन पक्क्या गोष्टी आहेत, तो प्रश्न निवडा. इथे आपण चौथा घेऊ. त्याचे उत्तर कुठल्याही तयार गाइडमध्ये आयते मिळत नाही, त्यामुळे विचार करावाच लागतो आणि लिहायला मुद्दा सापडतो.

दुसरी चूक: सगळे वाचून झाल्यावर लिहू

वाचन कधी संपत नाही. पहिल्या कच्च्या परिच्छेदाला पाच चिठ्ठ्या पुरतात. वहीचे पान कापून केलेल्या चिठ्ठ्या चालतील. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहा आणि कोपऱ्यात ती कुठून घेतली ते पुस्तक व पान क्रमांकासह नोंदवा. पान क्रमांक आत्ताच लिहिला नाही तर सबमिशनच्या आदल्या रात्री तो शोधत बसावे लागते.

चौथ्या प्रश्नासाठी चिठ्ठ्या अशा होतील. पहिली: २७ आणि २८ डिसेंबर १९३६, फैजपूर, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन. दुसरी: तिथे शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला, त्यात खंड आणि शेतसारा कमी करणे, कर्जाच्या ओझ्यातून सुटका, कुळांना जमिनीवर स्थैर्य, शेतमजुरांना जगण्यापुरती मजुरी अशा मागण्या होत्या. तिसरी: खानदेशात जमीन महसुलाची पद्धत रयतवारी, म्हणजे खातेदार सारा थेट सरकारात भरत असे. चौथी: १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, कापूस हे इथले मुख्य नगदी पीक. पाचवी: त्याच वर्षी एप्रिलमध्ये लखनौला अखिल भारतीय किसान सभा स्थापन झाली होती आणि तिचे पुढचे अधिवेशनही फैजपूरलाच झाले.

चिठ्ठ्या काढताना साधन कोणत्या काळाचे आहे ते बघा. खानदेशचे जुने इंग्रजी गॅझेटिअर १८८० चे आहे. रयतवारी कशी चालायची ते त्यात सापडेल, पण १९३६ च्या अधिवेशनासाठी ते कितीही चाळले तरी उपयोग नाही. त्यासाठी जळगाव जिल्ह्याचे महाराष्ट्र शासनाचे नंतरचे गॅझेटिअर, नेहरूंचे छापील अध्यक्षीय भाषण आणि अधिवेशनाचे ठराव बघा. तालुक्याच्या वाचनालयात ही सगळी एकत्र मिळतीलच असे नाही, पण पहिल्या परिच्छेदाला त्यातले एखादे हाती असले तरी काम चालते.

कच्चा परिच्छेद

आता चिठ्ठ्या टेबलावर मांडा आणि वीस मिनिटे न थांबता सहा-सात वाक्ये लिहा. शुद्धलेखन बघायचे नाही, खोडायचे नाही. आठवत नसेल तिथे कंसात "बघ" लिहून पुढे जायचे. मित्राला सांगतो त्या भाषेत लिहिले तरी हरकत नाही. असे काहीतरी होईल:

"१९३६ च्या डिसेंबरात काँग्रेस पहिल्यांदा खेड्यात आली, ते आपले फैजपूर. तिथे शेतीचा कार्यक्रम मंजूर झाला. खंड कमी करा, सारा कमी करा, कर्जातून सोडवा (नेमके शब्द बघ). पण आपल्याकडे उत्तर प्रदेशासारखी जमीनदारी नव्हती, रयतवारी होती. मग खंडाची मागणी इथल्या किती लोकांच्या कामाची? साऱ्याची आणि कर्जाची मात्र नक्की कामाची, कारण मंदीत कापसाचा भाव पडला आणि सारा तर रोखीनेच भरायचा (भावाचा आकडा शोध)."

भाषा ओबडधोबड आहे, पण शेवटचे वाक्य वाचा. त्यात एक दावा आहे आणि त्याचे कारणही आहे. भाव पडला तरी सारा त्या प्रमाणात आपोआप उतरत नाही, म्हणून तेवढाच सारा भरायला शेतकऱ्याला जास्त कापूस विकावा लागतो किंवा सावकाराकडे जावे लागते. ही साखळी म्हणजे तुमच्या असाइनमेंटचा कणा. कच्च्या परिच्छेदात मुद्दा बहुतेक वेळा शेवटी सापडतो, कारण तिथवर लिहिता लिहिता डोके तापलेले असते. दुसऱ्या दिवशी ते वाक्य उचलून वर आणा:

"फैजपूरच्या शेतीविषयक कार्यक्रमातल्या सर्व मागण्या पूर्व खानदेशाला सारख्या लागू नव्हत्या. रयतवारी प्रदेशातल्या खातेदाराला शेतसारा आणि कर्ज या दोन गोष्टी अधिक जाचत होत्या."

आता बाकीची वाक्ये याच्या मागे पुराव्यासारखी लावत जा. "बघ" लिहिलेल्या जागा हीच तुमच्या पुढच्या वाचनाची यादी. वाचनालयात काय शोधायचे ते आता नेमके माहीत आहे.

एक सांभाळा. "रयतवारी होती, म्हणजे कुळे नव्हती" असे लिहिले तर ते चूक ठरेल. खातेदार आपली जमीन दुसऱ्याला खंडाने कसायला देत असे आणि ते कूळच. मुंबई प्रांतात १९३९ मध्ये कुळांसाठी कायदा करावा लागला, यावरूनच कुळांचा प्रश्न इथेही होता हे कळते. म्हणून "अधिक जाचत होत्या" असे तोलून लिहायचे, "खंडाचा प्रश्नच नव्हता" असे नाही.

परिच्छेद मध्येच अडला तर

कुठे अडला त्यावरून कारण ओळखता येते. दुसऱ्याच वाक्याला अडला तर चिठ्ठ्या कमी पडल्या आहेत. उठा, एक चिठ्ठी वाढवा आणि मग बसा. पंधरा वाक्ये झाली आणि नेहरूंची कारकीर्दच चालली आहे, तर प्रश्न अजून मोठा आहे. त्याचा आणखी एक तुकडा पाडा. आणि प्रत्येक वाक्य "तसेच" किंवा "याशिवाय" ने सुरू होत असेल, तर माहिती आहे पण नाते नाही. अशा वेळी दोन वाक्यांच्या मध्ये "म्हणून", "पण" किंवा "कारण" घालून बघा. तिन्ही बसत नसतील तर ती वाक्ये एका परिच्छेदातली नाहीत.

इतर अधिवेशनांची सरमिसळ

या विषयात ही चूक फार दिसते आणि परीक्षकाच्या लगेच नजरेत भरते. पूर्ण स्वराज्याचा ठराव १९२९ च्या लाहोर अधिवेशनातला. त्याचेही अध्यक्ष नेहरूच होते, त्यामुळे नेट वरून उचललेला मजकूर बेमालूम मिसळतो. नंदलाल बोस यांनी फैजपूरला बांबूसारख्या साध्या साहित्यातून सजावट केली हे खरे, पण त्यांची गाजलेली ग्रामजीवनाची चित्रे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठीची, आणि तिथे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. मुखपृष्ठावर चित्र चिकटवण्यापूर्वी ते कोणत्या अधिवेशनाचे आहे ते तपासा.

नावांचेही तसेच. १९३६ मध्ये "जळगाव जिल्हा" हे नाव नव्हते. खानदेशाचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि फैजपूर पूर्व खानदेशात होते. तिथली केळी आज सगळीकडे जाते, म्हणून १९३६ च्या शेतकऱ्याला सरसकट केळीवाला ठरवू नका. त्या काळाबद्दल जे पुराव्यात आहे तेवढेच लिहा.

उरलेले परिच्छेद

१५०० शब्द म्हणजे दोनशे-दोनशेचे सात परिच्छेद आणि शंभर शब्दांची प्रस्तावना. एक परिच्छेद झाला, तो पाचव्या जागी बसेल. त्याच्या आधी खेड्यात अधिवेशन का, हा मुद्दा. इथे गांधीजींचा ग्रामोद्योगावरचा भर, १९३४ मधली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना आणि फैजपूरचे खादी-ग्रामोद्योग प्रदर्शन ही साखळी मांडा. मग १९३६ च का, हा मुद्दा. १९३५ च्या कायद्यानुसार प्रांतिक निवडणुका १९३७ च्या सुरुवातीला व्हायच्या होत्या आणि मतदारांत आता खेड्यातला शेतकरी मोठ्या संख्येने होता. या दोन मुद्द्यांना प्रत्येकी दोन परिच्छेद पुरतात.

रोज उठण्यापूर्वी पुढच्या परिच्छेदाचे पहिले वाक्य अर्धवट लिहून ठेवा, म्हणजे उद्या कोऱ्या पानासमोर बसावे लागणार नाही. या उदाहरणात सहाव्या परिच्छेदासाठी ते असे राहील: "फैजपूरला मांडलेल्या कर्जाच्या आणि कुळांच्या मागण्यांवर मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३९ पर्यंत कोणते कायदे केले ते पाहिले, तर…"