ब्रेसेसची वायर बदलताना या चुका टाळा: स्टीलची घाई महागात पडते

ब्रेसेसच्या केसमध्ये 'काढलेल्या दाताची जागा बंदच होत नाहीये' ही तक्रार आली की बहुतेक जण आधी स्प्रिंग बदलतात, मग जोर वाढवतात. माझा हात मात्र आधी शेवटच्या दाढेमागे जातो. तिथे वायरचं टोक किती बाहेर आलंय ते पाहायचं. ते जिथल्या तिथे असेल, तर दोष स्प्रिंगचा नसतो. बहुतेक वेळा दोन अपॉइंटमेंट आधीच कुणीतरी वायरची एक पायरी गाळलेली असते.

आधी क्रम डोळ्यांसमोर ठेवू. स्लॉट म्हणजे ब्रॅकेटमधली वायर बसायची खाच. ०.०२२ इंची स्लॉटचे ब्रॅकेट धरू, कारण खालचे आकडे त्यांचेच आहेत, ०.०१८ च्या स्लॉटला ते लागू नाहीत. सुरुवात ०.०१४ किंवा ०.०१६ च्या गोल नायटायने, म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या लवचीक वायरने, होते. तिचं काम एवढंच: वाकडे, फिरलेले, वरखाली असलेले दात साधारण एका रांगेत आणायचे. नंतर चौकोनी नायटाय, बहुधा ०.०१९ × ०.०२५. इथे उरलेसुरले रोटेशन निघतात, ब्रॅकेट एका पातळीत येतात आणि दाताच्या मुळाला थोडाफार टॉर्क, म्हणजे त्याचा कल बदलणारा पीळ, मिळू लागतो. शेवटी त्याच मापाची स्टील. ही दात ओळीत आणायला नसतेच. दात आधीच ओळीत आहेत, आता त्यांना या रुळावरून सरकवायचं आहे, म्हणून ती घालायची.

नायटाय किती वाकली तरी मूळ आकारात परत येते, आणि त्या सगळ्या प्रवासात हलका जोर देत राहते. स्टील थोडीशीच वाकते, त्यापुढे गेली की कायमची वाकते. त्यात मापाचाही हिशेब येतो. गोल वायरचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे ०.०१४ वरून ०.०१८ वर गेलं की तो जवळजवळ पावणेतीन पट होतो. ०.०१९ × ०.०२५ च्या आकारामुळेच वर-खाली दिशेचा ताठपणा ०.०१४ च्या साडेसात पट होतो. धातू नायटायऐवजी स्टील केला की त्यावर आणखी निदान चौपट. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या वायरमध्ये तीस पटीचा फरक आहे, आणि मधली चौकोनी नायटाय हा फरक दोन टप्प्यांत वाटून घेते. ती गाळली की सगळा भार दातावर, ब्रॅकेटच्या चिकटवणीवर किंवा खुद्द वायरवर येतो.

'सहा आठवडे झाले, पुढची वायर घाला'

वायर कॅलेंडर पाहून बदलायची नसते. गोल नायटाय अजून काम करत असेल, तर ती सुटसुटीत सरळ झालेली नसते. वायर ब्रॅकेटला बांधणारी लिगेचर काढल्याबरोबर ती स्लॉटमधून टुणकन बाहेर येते. अशा वेळी तीच वायर परत नीट बांधायची. बांधणंही महत्त्वाचं. फिरलेल्या दातावर सैल पडलेली रबरी रिंग असेल, तर वायर स्लॉटच्या तळाशी बसतच नाही आणि आपण वायरला दोष देत बसतो. तिथे स्टीलची लिगेचर घट्ट आवळली, तर पुष्कळदा तीच वायर पुढच्या खेपेला काम उरकून दाखवते.

पुढची वायर तयार आहे का, याची कसोटी सोपी आहे. ती प्रत्येक स्लॉटमध्ये बोटाच्या दाबाने बसली पाहिजे. स्टीलच्या बाबतीत तर ही कसोटी काटेकोर पाळायची. प्लायरने ढकलून, लिगेचरने खेचून जी स्टील बसवावी लागते, ती बसण्याच्या लायकीची नाही. अशा वायरमुळे पुढच्या चार दिवसांत एखादा ब्रॅकेट सुटून येतो. सुटला नाही, तर वायर त्या जागी वाकून जाते. पहिलं दिसतं तरी. दुसरं दिसत नाही, म्हणून ते जास्त त्रासाचं.

एक अडकलेली केस

सोळा वर्षांची मुलगी, उपचार अर्ध्यावर असताना दुसरीकडून आमच्याकडे आली. चारही पहिले प्रीमोलर, म्हणजे सुळ्यांमागचे छोटे दात, काढलेले. कागदपत्रांत खालच्या जबड्यासाठी ०.०१६ नायटाय आणि त्यानंतर थेट ०.०१९ × ०.०२५ स्टील. दोन्ही बाजूंना स्प्रिंग लावलेल्या. डावीकडची जागा दीड मिलिमीटरवर आली होती, उजवीकडची चार मिलिमीटरवर थांबलेली. स्प्रिंग दोन्हीकडे सारखीच, जोरही सारखाच.

डावीकडे दाढेवरच्या ट्यूबच्या मागून वायर दोन मिलिमीटर बाहेर डोकावत होती. उजवीकडे ट्यूबच्या काठाशी सपाट. म्हणजे उजवीकडे वायर सरकलीच नव्हती. आता का, ते शोधायचं. आरसा धरून पाहिलं, तर उजवा दुसरा प्रीमोलर किंचित फिरलेला होता. त्याच्या ब्रॅकेटच्या पुढच्या अंगाला वायर आणि स्लॉटचा तळ यांच्यात बारीक फट होती, आणि तिच्यावर रबरी रिंग ताणून बसवलेली. लिगेचर काढल्या. डावीकडून वायर सहज सुटली, उजवीकडे ती प्लायरने ओढून काढावी लागली. सपाट काचेवर ठेवली, तेव्हा त्या प्रीमोलरच्या जागी तिला बारीकशी पायरी पडलेली स्पष्ट दिसली. स्प्रिंग खेचत होती हे खरं, पण वायर त्या वाकलेल्या जागी ब्रॅकेटच्या कडांत अडकत होती, आणि सगळा जोर तिथेच संपत होता. त्यात स्प्रिंगचा जोर वाढवला असता तर पुढचे दात आत झुकले असते आणि दाढ पुढे आली असती. वायर तशीच अडकून राहिली असती.

उपाय मागे जाण्याचाच होता. स्प्रिंग काढल्या. जागा पुन्हा उघडू नये म्हणून दाढेपासून कॅनाइनपर्यंत, म्हणजे सुळ्यापर्यंत, इंग्रजी आठच्या आकारात लिगेचर बांधली. ताण न देता, नुसती धरून ठेवण्यापुरती. त्यावर ०.०१६ नायटाय, आणि प्रीमोलरवर स्टीलची लिगेचर पूर्ण आवळून. मुलीच्या आईला ते पटेना. "डॉक्टर, ही तर सुरुवातीची बारीक वायर ना? म्हणजे परत पहिल्यापासून?" त्यांना काचेवरची वायर दाखवली, तेव्हा कुठे लक्षात आलं.

सहा आठवड्यांनी प्रीमोलर सरळ झाला. मग ०.०१९ × ०.०२५ नायटाय, आणखी सहा आठवडे. त्यानंतर नवीन स्टील घातली; ती बोटाने बसली. तरी लगेच स्प्रिंग लावली नाही. स्टील एक महिना नुसतीच राहू दिली, कारण चौकोनी नायटायनंतरही स्लॉटमध्ये बारीकसारीक फरक उरतात आणि ते मिटेपर्यंत घर्षण जास्त असतं. पुढच्या खेपेला हलकी, दीडशे ग्रॅमच्या आसपासची स्प्रिंग. मग जागा महिन्याला साधारण एक मिलिमीटर या ठरलेल्या गतीने बंद होत गेली. गाळलेली पायरी भरून काढण्यात चार महिने गेले, आणि त्याआधी अडकून पडलेले महिने वेगळेच.

हाच घोळ दुसऱ्या वाटेनेही होतो. स्टीलवर केस मस्त चालू असते आणि मध्येच दुसऱ्या मोलरला ट्यूब लावली जाते, किंवा सुटलेला ब्रॅकेट परत चिकटवला जातो. नवा ब्रॅकेट जुन्याच उंचीवर, जुन्याच कोनात बसला असेल अशी आशा धरून तीच स्टील पुन्हा घालू नका. एक ब्रॅकेट बदलला तरी वायर मागे घ्यावी लागते. म्हणून ब्रॅकेटची जागा चुकली असेल, तर ती चौकोनी नायटायवर असतानाच सुधारा. ओपीजीत, म्हणजे सगळ्या जबड्याच्या एक्स-रेत, मुळं समांतर आहेत का ते त्याच वेळी पाहून घ्यायचं. स्टीलवर गेल्यावर पाहिलं, तर मागे येणं आलंच.

मऊ वायरवर ओढाओढी

उलट बाजूची चूक म्हणजे नायटायवरच जागा बंद करायला घेणं. घाई असते, पेशंटला फरक दिसावा असं वाटतं, आणि ०.०१६ वर इलॅस्टिक चेन ओढली जाते. दात सरकतात, पण तिरके होऊन. काढलेल्या दाताच्या जागेकडे शेजारचे दोन्ही दात झुकतात, वायर तिथे खाली झोळ खाते, पुढच्या दातांचा बाइट खोल होतो आणि बाजूला उघडा पडतो. समोरून पाहिलं तर जागा बंद दिसते. एक्स-रेत मुळांची टोकं एकमेकांपासून लांब गेलेली असतात. हे दात पुन्हा उभे करायचे तर पुन्हा चौकोनी नायटायपासून सुरुवात, आणि बाइट सपाट करायला स्टीलमध्ये उलटा कर्व्ह. खोल बाइट खऱ्या अर्थाने उघडतो तो याच ताठ टप्प्यावर. नायटायवर महिनोन् महिने त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

उंचावरचा कॅनाइन

कॅनाइन हिरडीत बराच वर असेल, तर पहिल्याच दिवशी ०.०१४ त्याच्या ब्रॅकेटपर्यंत खेचून नेण्याचा मोह होतो. वायर मऊ आहे, जाते. कॅनाइन खालीही येतो. पण वायर एकाला खाली ओढते, तेव्हा तितक्याच जोराने शेजारच्या लॅटरल आणि प्रीमोलरला वर ढकलते. दोन-तीन महिन्यांत त्या बाजूचा बाइट उघडतो आणि पुढच्या दातांची रेषा तिरकी होते. इथे मऊ वायर पुरेशी नाही, तिच्या मागे ताठ आधार हवा. कॅनाइन वगळून बाकीचे दात ०.०१८ स्टीलपर्यंत आणायचे, शेजारच्या दातांना दूर सारणारी ओपन कॉइल स्प्रिंग घालून त्याची जागा मोकळी करायची, आणि मग स्टील तशीच ठेवून वर ०.०१४ नायटाय फक्त कॅनाइनसाठी जोडायची. जोर मऊ वायरचा, आधार स्टीलचा.

टॉर्कची चुकीची अपेक्षा

चौकोनी वायर घातली म्हणजे टॉर्क आला, हा समज फार पसरलेला आहे. ०.०१९ × ०.०२५ वायरसुद्धा ०.०२२ च्या स्लॉटमध्ये साधारण दहा अंश सैल फिरते, ०.०१६ × ०.०२२ तर त्याहून बरीच जास्त. म्हणजे ब्रॅकेटवर लिहिलेला टॉर्क पूर्ण मिळतच नाही. जागा बंद होताना वरचे पुढचे दात आत झुकू लागले, तर नायटायवर थांबून काही होणार नाही, कारण तिला वळण देता येत नाही आणि तिचा पीळही कमी पडतो. स्टीललाच पुढच्या भागात प्लायरने जादा टॉर्क द्यायचा, नाहीतर दात आत झुकल्यावर महिने मोजायचे.

शेवटी बारीक दुरुस्त्यांसाठी, एखादा दात अर्धा मिलिमीटर वर-खाली करायला, ताठ स्टीलवरच वळणं मारत बसू नका. ताठपणात स्टीलच्या निम्म्याहून कमी असलेली टीएमए, म्हणजे टायटॅनियम-मॉलिब्डेनमची वायर, तिथे बरी पडते. वळणही धरते आणि जोरही बेताचा ठेवते.