कार्डाने शाळेची फी: भरायची की नाही, आधी हिशोब करा

जून आला की सांगलीत विश्रामबागला चहाच्या टपरीवर एक तरी जण भेटतोच, "फी कार्डाने भर, पॉइंट पण मिळतात आणि दीड महिना पैसे बिनव्याजी वापरायला मिळतात." मी सात-आठ वर्षं फी भरतोय, दोनदा चांगला पोळलोय, म्हणून हा सल्ला ऐकला की डोकंच फिरतं.

आधी शाळेच्या काउंटरवर विचारा की स्वाइप मशीन आहे का आणि वर किती टक्के लावता. एवढंच.

आता माझाच आकडा घ्या. फी ४८,००० आणि शाळेच्या पेमेंट पेजवर चार्ज १.२ टक्के, म्हणजे ५७६, त्यावर १८ टक्के जीएसटी १०४, मिळून ६८० रुपये. माझ्या कार्डावर शंभराला एक पॉइंट आणि पॉइंटची किंमत २५ पैसे, म्हणजे सगळे पॉइंट मिळाले तरी १२० रुपये. आणि ते मिळतीलच असं नाही, कारण बँक मर्चंटचा कोड बघते आणि बऱ्याच बँका शिक्षण, भाडं, टॅक्स यांना पॉइंटमधून वगळतात, काही तर वार्षिक फी माफीच्या खर्चातही धरत नाहीत. कार्डाच्या अटींमधली ही यादी वाचल्याशिवाय पॉइंटचं नाव काढू नका. शाळेचं पेज सोडून तिसऱ्याच ॲपवरून भरलीत तर काही बँका आपला एक टक्का वेगळा लावतात, तो थेट बिलात दिसतो.

मग उरली बिनव्याजी मुदत. माझं बिल १२ तारखेला निघतं आणि भरायला २० दिवस मिळतात. १३ जूनला फी भरली तर ती १२ जुलैच्या बिलात येते आणि १ ऑगस्टपर्यंत भरायची, म्हणजे ४९ दिवस. तीच ११ जूनला भरली तर दुसऱ्याच दिवशी बिलात, २ जुलैला पैसे द्या, फक्त २१ दिवस. दोन दिवसांचा फरक बघा! पण ४९ दिवस ते ४८,००० ठेवीत ठेवले, साडेसहा टक्क्यांनी धरले तरी ४१९ रुपये सुटतात, आणि चार्ज ६८०. ठेव असणाऱ्याने यूपीआयने भरावी, विषय संपला. मात्र पैसे खरंच हातात नसतील, हळदीची पट्टी जुलैत मिळणार असेल आणि नाहीतर पतसंस्थेतून १४ टक्क्यांनी काढायचे असतील, तर त्याचं ४९ दिवसांचं व्याज ९०२ होतं, तिथे कार्ड स्वस्त पडतं. ६८० म्हणजे वर्षाला साडेदहा टक्के व्याज, असंच बघायचं. पण २१ दिवसच मिळाले तर तोच दर साडेचोवीसच्या पुढे जातो.

आता जिथे मी पोळलो ते. ही बिनव्याजी मुदत मागचं बिल पूर्ण भरलेलं असेल तरच मिळते, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मेच्या बिलातले तीन हजार राहिले होते, म्हटलं फीबरोबर १ ऑगस्टला एकदम भरू, तोवर मिनिमम भरत राहिलो, लेट फी लागली नाही म्हणून निवांत होतो. पण जुनी बाकी असली की नव्या खर्चावर व्याज पहिल्या दिवसापासून धरतात, नुसत्या तीन हजारांवर नाही, अख्ख्या ४८,००० वर. महिना साडेतीन टक्के दराने ४९ दिवसांचे २,७०६, वर जीएसटी ४८७, असे फीवरच जवळपास ३,२०० गेले. त्यातलं थोडं व्याज तर पूर्ण पैसे भरल्यावर पुढच्या बिलात आलं, तेव्हा मी बँकेचीच चूक समजून फोनवर भांडत बसलो होतो, चूक माझीच होती.

म्हणून फी भरायच्या आधी मागचं स्टेटमेंट उघडायचं, टोटल ड्यू पूर्ण भरलंय ना, फायनान्स चार्जेसच्या ओळीत शून्य आहे ना, बघायचं. बाकी असेल तर त्या महिन्यात कार्ड वापरूच नका. ऑटो-पे लावलं असेल तर ते मिनिममवर नाही, टोटलवर आहे का तेही तपासा, माझ्या मेव्हण्याचं वर्षभर मिनिममवर होतं.

इन्कम टॅक्ससाठी पोर्टलवर पेमेंट गेटवे निवडलं की चार्ज आधीच दिसतो, हिशोब हाच. घरभाड्याचं म्हणाल तर सप्टेंबर २०२५ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनंतर बऱ्याच ॲपनी ती सोय बंदच केली. आणि भाड्याच्या नावाखाली भावाच्या खात्यावर पैसे फिरवू नका, बँका ते पकडतात आणि कार्ड बंद होतं.

शाळेने फी परत केली तरी कन्व्हिनियन्स चार्ज सहसा परत मिळत नाही, त्यामुळे ॲडमिशन पक्की झाल्याशिवाय कार्ड काढू नका.