काँट्रोनिमची यादी करताय? नमुना वाक्यातल्या या चुका टाळा

एकाच इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ एकमेकांच्या अगदी उलट असले की त्याला काँट्रोनिम म्हणतात. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी देणे आणि निर्बंध लादणेही. असे शब्द सापडायला वेळ लागत नाही. यादी बिघडते ती नमुना वाक्यांत, कारण वाक्य लिहिणाऱ्याला अर्थ आधीच ठाऊक असतो आणि वाचणाऱ्याला तो फक्त वाक्यातूनच कळायचा असतो.

चूक पहिली: दोन्ही अर्थ बसतील असं वाक्य

‘डस्ट’ हे क्रियापद घ्या. अर्थ दोन: धूळ झटकणे आणि भुकटी भुरभुरवणे. आता हे वाक्य पाहा: ‘शी डस्टेड द प्लांट्स.’ तिने पानांवरची धूळ पुसली की झाडांवर औषधाची पावडर मारली? व्याकरणाने दोन्ही बरोबर, म्हणून नमुना म्हणून हे वाक्य बाद.

बरेच जण यावर ‘विथ’ जोडून मोकळे होतात. पण नुसत्या ‘विथ’ने काम भागत नाही, कारण तो दोन्हीकडे चालतो:

‘शी डस्टेड द लीव्ह्ज विथ अ सॉफ्ट क्लॉथ.’ (मऊ फडक्याने पाने पुसली.)
‘शी डस्टेड द लीव्ह्ज विथ सल्फर पावडर.’ (पानांवर गंधकाची भुकटी मारली.)

निकाल लावतं ते ‘विथ’नंतरचं नाम. फडकं असेल तर धूळ जाते, भुकटी असेल तर ती पानांवर येते.

हे तपासायची रीत सोपी आहे. काँट्रोनिम काढा आणि त्या जागी आधी एका अर्थाचा साधा शब्द ठेवा, मग उलट अर्थाचा. इथे ‘वाइप’ आणि ‘स्प्रिंकल’. एकच शब्द बसला तर वाक्य पक्कं, दोन्ही बसले तर तोकडं. ‘द गव्हर्नमेंट सँक्शन्ड द ट्रेड’ या वाक्यात ‘अप्रूव्ह्ड’ही बसतं आणि ‘पीनलाइज्ड’ही ओढूनताणून बसतं. त्यापेक्षा ‘द बोर्ड सँक्शन्ड द लोन’ आणि ‘द कौन्सिल सँक्शन्ड द कंट्री फॉर सेलिंग वेपन्स’ ही जोडी घ्या. कर्ज मंजूर होतं, त्याला कोणी शिक्षा करत नाही. दुसऱ्या वाक्यात ‘फॉर’नंतर आलेलं कारणच शिक्षेचा अर्थ ठरवतं.

चूक दुसरी: शब्दाचं रूप न पाहणे

‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. दोन्ही नामंच, पण वागतात वेगळी. देखरेखीच्या अर्थी ते सहसा मोजता येत नाही: ‘द कमिटी हॅज ओव्हरसाइट ऑफ द बजेट.’ नजरचूक मात्र मोजता येते, म्हणून तिच्या आधी ‘अ‍ॅन’ येतं: ‘लीव्हिंग आउट हर नेम वॉज अ‍ॅन ओव्हरसाइट.’ ‘सँक्शन’ नाम म्हणून अनेकवचनात आलं, म्हणजे ‘सँक्शन्स’ झालं, की बहुतेक वेळा निर्बंधच समजावेत. म्हणून मंजुरीचा नमुना अनेकवचनी लिहू नये.

‘क्लीव्ह’ तर याहून अवघड, कारण हे मुळात दोन वेगळे शब्द. जुन्या इंग्रजीत दुभंगणे आणि चिकटणे यांची क्रियापदं निराळी होती, पुढे ती एकसारखी लिहिली जाऊ लागली. चिकटण्याच्या अर्थी पाठोपाठ ‘टू’ येतं: ‘द वेट शर्ट क्लीव्ह्ड टू हिज बॅक.’ दुभंगण्याच्या अर्थी थेट कर्म येतं: ‘द अ‍ॅक्स क्लीव्ह्ड द लॉग.’ नोंदीत ‘मूळ वेगळं’ असा शेरा हवाच, नाहीतर एकाच शब्दाचा अर्थ उलटला असा गैरसमज होतो.

चूक तिसरी: उलट नसलेलं उलट मानणे

‘रेंट’ म्हणजे भाड्याने देणे आणि घेणेही. यादीत तो हमखास दिसतो, पण व्यवहार एकच आहे, फक्त बाजू दोन. अशांचा वेगळा कप्पा करा. ‘रेझ’ (उभारणे) आणि ‘रेझ’ (जमीनदोस्त करणे) यांचा उच्चार एक असला तरी इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे, त्यामुळे ही जोडी यादीत बसतच नाही. ‘फ्लॅमेबल’ आणि ‘इनफ्लॅमेबल’ यांचा अर्थ तर एकच: पेट घेणारं.

चूक चौथी: देश आणि काळ न लिहिणे

‘दे टेबल्ड द मोशन.’ ब्रिटनमध्ये याचा अर्थ ठराव चर्चेला मांडला, अमेरिकेत ठराव बाजूला ठेवला. वाक्य कितीही लांबवलं तरी देश लिहिल्याशिवाय खात्री होत नाही, म्हणून नोंदीपुढे ‘ब्रि.’ किंवा ‘अमे.’ लावा. ‘लेट’चा ‘अडवणे’ हा अर्थ आज बोलण्यात राहिलेला नाही. ब्रिटिश पासपोर्टवरच्या ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ अशा ठरीव शब्दांत तो टिकून आहे. त्याच्यापुढे ‘जुना’ असं लिहा आणि नमुन्याला हेच शब्द वापरा. नवं वाक्य रचलंत तर ते आजच्या वाचकाला ‘परवानगी देणे’ याच अर्थाने वाचावंसं वाटेल.