हृदयाची कोरी आकृती: नावं पाठ झाली, जागा पाठ झाली, आणि हृदय राहून गेलं

मी घरी दहावी ते बारावीच्या मुलांची जीवशास्त्राची शिकवणी घेते. सुरुवातीची दोन वर्षं आकृत्यांचे सरावाचे कागद मी जसे करायची, त्यात एक मोठी चूक होती. ती कळली हृदयाच्या आकृतीमुळे. नुकतेच असे कागद करायला बसलेल्यांसाठी, मग ते स्वतःसाठी असोत की धाकट्या भावंडासाठी, तेवढंच लिहिते आहे.

तेव्हा पुस्तकातली हृदयाच्या उभ्या छेदाची आकृती झेरॉक्स करायची, नावांवर व्हाइटनर फिरवायचा, वाळला की पुन्हा झेरॉक्स काढायची आणि मुलांना द्यायची. माझ्या कागदावर बारा नावं होती: ऊर्ध्व महाशिरा, अधो महाशिरा, उजवं अलिंद, डावं अलिंद, उजवं निलय, डावं निलय, त्रिदल झडप, द्विदल झडप, फुप्फुस धमनी, फुप्फुस शिरा, महाधमनी आणि दोन निलयांमधला पडदा. (काही पुस्तकांत अलिंदाला कर्णिका आणि निलयाला जवनिका म्हणतात. कागदावर एकच जोडी ठेवा, दुसरी मागच्या बाजूला लिहून ठेवा.)

अकरावीतली एक मुलगी चौथ्या दिवशी बारापैकी अकरा बरोबर लिहायला लागली. मला वाटलं, आकृती झाली. त्याच आठवड्यात तिच्या कॉलेजच्या चाचणीत हृदय आलं, पण नावांच्या रेषा आकृतीच्या दुसऱ्या बाजूने काढलेल्या होत्या आणि क्रमांकही वेगळे होते. ती पेपर घेऊन आली तेव्हा गप्प होती. मग म्हणाली, "ताई, मला सगळं येत होतं. पण तीन नंबर कुठे गेला तेच कळेना."

तिने हृदय पाठ केलंच नव्हतं. वरून तिसरी रेषा म्हणजे उजवं अलिंद, हे पाठ केलं होतं. आणि तसं पाठ करायला माझ्याच कागदाने शिकवलं होतं.

त्या रात्री मी आकृती तीच ठेवून रेषा हलवल्या. डावीकडच्या उजवीकडे नेल्या, क्रमांक विस्कटले. आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. व्हाइटनर लावलेल्या जागेची लांबी नावाएवढीच राहते. 'महाधमनी'ची जागा आखूड, 'ऊर्ध्व महाशिरा'ची लांब. मुलं तेवढ्यावरून ओळखतात आणि आपण ओळखतोय हे त्यांना कळतही नाही. म्हणून सगळ्या रिकाम्या जागा पट्टीने मोजून पाच सेंटिमीटरच्या केल्या. आकृती आरशातल्यासारखी उलटी करायचाही विचार आला होता, पण तो सोडून दिला. तसं हृदय शरीरात नसतं, आणि मुलाच्या डोळ्यांत चुकीचं चित्र बसलं तर ते काढणं अवघड जातं.

दुसऱ्या दिवशी या नव्या कागदावर तिचे बारापैकी सहाच बरोबर आले. चुकलेले सहा मी नुसते लाल पेनाने खोडले नाहीत, कशाच्या जागी काय लिहिलंय ते शेजारी मांडलं. दोन्ही अलिंदं एकमेकांच्या जागी, दोन्ही झडपा एकमेकांच्या जागी, फुप्फुस धमनी आणि फुप्फुस शिराही तशाच. विसरलेलं एकही नाव नव्हतं, सगळ्या अदलाबदली होत्या. रिकामी सोडलेली जागा आणि अदलाबदल या दोन वेगळ्या चुका आहेत. पहिलीला पुन्हा वाचणं हा उपाय आहे. दुसरीत मुलाला नाव येत असतं, ते कशावरून ओळखायचं ते येत नसतं. दहा वेळा वाचूनही ती सुटत नाही.

तिची निलयं मात्र बरोबर होती. "ही कशी ओळखलीस?" विचारलं तर म्हणाली, "एकाची भिंत जाड आहे ना." तिथून आम्हाला वाट सापडली. डाव्या निलयाला रक्त सगळ्या शरीरात ढकलायचं असतं, उजव्याला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच, म्हणून डाव्याची भिंत बरीच जाड असते. रेषा कुठूनही येवोत, भिंत बदलत नाही. आणि हृदय समोरच्या माणसाचं असल्यामुळे ही जाड बाजू कागदावर आपल्या उजव्या हाताला येते, हेही त्यातूनच पक्कं होतं.

मग नियम केला की एक नंबरपासून भरत जायचं नाही. आधी जाड भिंत शोधायची आणि तिथे डावं निलय लिहायचं. त्याच्या वरचा कप्पा डावं अलिंद, त्या दोघांमधली झडप द्विदल. जाड भिंतीच्या निलयातून निघून वर कमानीसारखी वळणारी, कमानीवर तीन फांद्या असलेली ती महाधमनी. पलीकडे उजव्या अलिंदात वरून आणि खालून दोन महाशिरा उघडतात, त्याच्याखाली त्रिदल झडप. उजव्या निलयातून निघून दोन फाट्यांत विभागते ती फुप्फुस धमनी, आणि डाव्या अलिंदात येऊन मिळतात त्या फुप्फुस शिरा.

या शेवटच्या जोडीवर बहुतेक मुलं अडतात. धमनीत शुद्ध रक्त आणि शिरेत अशुद्ध, असं लहानपणी डोक्यात बसलेलं असतं, आणि इथे नेमकं उलटं आहे. धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी, शिरा म्हणजे हृदयाकडे आणणारी, एवढंच धरायचं. इथे काळ्यापांढऱ्या झेरॉक्सचा फायदा झाला. पुस्तकातला लाल आणि निळा दोन्ही राखाडी होतात, म्हणून नावं लिहिण्याआधी मी मुलांना रक्ताच्या वाटेवर पेनाने बाण काढायला लावते, ऑक्सिजन कमी असलेल्या रक्ताचे निळे आणि ऑक्सिजनयुक्त रक्ताचे लाल. निळा बाण हृदयातून बाहेर पडताना दिसला की ती फुप्फुस धमनी आहे, हे मूल स्वतःच सांगतं.

तिसऱ्या कागदावर नावं विचारलीच नाहीत. रेषेच्या टोकाला काम लिहिलं, 'फुप्फुसांकडून आलेलं रक्त इथे पोचतं' असं, आणि त्या भागाचं नाव तिने लिहायचं. चौथ्यावर फक्त बाह्यरेखा ठेवली, रेषाही तिनेच काढायच्या. तिथे नवी चूक दिसली. निलयाची रेषा ती भिंतीवरच थांबवायची, कप्प्याच्या आत नेत नव्हती, आणि पडद्याची रेषा पडद्याला न टेकता अलीकडेच संपायची. रेषेचं टोक त्या भागावर टेकलंच पाहिजे, रेषा एकमेकींना छेदू नयेत आणि शक्यतो सगळी नावं एका बाजूला एकाखाली एक यावीत. हे सांगून येत नाही, रेषा स्वतः काढल्यावरच येतं.

हे चार कागद मी एका दिवसात देत नाही. पहिला शिकवलं त्याच दिवशी, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. चौथा त्यानंतर, पुस्तक बंद ठेवून. आणि या सगळ्याने आकृती काढायला येत नाही, हेही लक्षात ठेवा. नावं दहा मिनिटांत भरणारं मूल कोऱ्या पानावर महाधमनी उजव्या निलयातून काढतं, हे मी पाहिलं आहे. पेपरात आकृती काढायची असेल तर पाचवा कागद पूर्ण कोराच हवा.

पुढच्या महिन्यात त्या मुलीने वृक्काणूचा कागद स्वतः करून आणला. केशिकागुच्छात रक्त आणणारी धमनिका तिने मुद्दाम रुंद काढली होती आणि बाहेर नेणारी अरुंद. "या दोघींची अदलाबदल होणार, ताई," ती म्हणाली, "म्हणून फरक आधीच दिसेल असा काढला."